श्रद्धांजलीतला श्लोक कुठे ठेवायचा?

काकूंच्या श्रद्धांजलीचा मसुदा वाचला. सुरुवातीलाच ‘मना चंदनाचे परी त्वां झिजावे’ टाकलंयस. तिथे नाव बदललं तर ती ओळ कुणालाही चालेल, हीच अडचण आहे.

तिसऱ्या परिच्छेदात तू लिहिलंयस, की काकू नव्या मुलींना चुकलेलं काम सगळ्यांसमोर न बोलता संध्याकाळी शेजारी बसवून उसवून दाखवायच्या. आधी हा प्रसंग येऊ दे. मग समर्थांच्या त्याच श्लोकाची पुढची ओळ घे: ‘परी अंतरी सज्जना नीववावे’. झिजणं सगळेच उद्धृत करतात. निववणं, म्हणजे समोरच्याचं मन शांत करणं, मागे राहतं. काकूंचं वेगळेपण तिथेच आहे. ओळीनंतर तिचा अर्थ समजावत बसू नकोस, सरळ त्या मुलींपैकी एखादी आज काय करते ते लिही.

सभेत बोलणार असशील तर ओळ पाठ कर. कागदात बघून म्हटलेला श्लोक (माझा अनुभव) ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

शेवटच्या दोन म्हणी काढ. काकूंच्या स्वतःच्या तोंडी एखादी म्हण असायची का? घरच्यांना विचार. असेल तर तेवढी एकच, त्या म्हणायच्या तशीच, चुकीच्या शब्दासकट.