वडिलांचा फ्लॅट विकला, खरेदी किंमत कोणाची धरायची?

प्रश्न : कोथरूडचा फ्लॅट बाबांनी नोव्हेंबर 2003 मध्ये घेतला. करारनामा, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून 10 लाख 90 हजार रुपये लागले. 2012 च्या दिवाळीआधी त्यांनी घराचं मोठं काम काढलं होतं, त्याची 5 लाख 20 हजारांची बिलं एका फायलीत सापडली. आई आधीच गेली होती, बाबा 2019 मध्ये गेले. फ्लॅट मी आणि मस्कतला नोकरी करणारा माझा भाऊ, दोघांच्या नावावर निम्मा-निम्मा झाला. ऑक्टोबर 2021 मध्ये आम्ही त्यावर 2 लाख 60 हजार खर्च केले. गेल्या महिन्यात, नोव्हेंबर 2025 मध्ये, तो 82 लाखांना विकला. दलाली 1 लाख 64 हजार गेली. खरेदीदाराने दोघांचाही एक टक्का टीडीएस कापला. भाऊ म्हणतो, बाबा गेले त्या दिवशीचा रेडी रेकनरचा भाव हीच आपली खरेदी किंमत. दलाल म्हणतो, वारशाने आलं म्हणजे किंमत शून्य, सगळ्या रकमेवर कर. खरं काय?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : दोघांचंही चूक आहे. तुमच्या भावाची समजूत बहुधा परदेशातल्या सहकाऱ्यांकडून आलेली असावी. अमेरिकेसारख्या काही देशांत मृत्यूच्या दिवसाचा भाव धरतात, आपल्याकडे नाही. आयकर कायदा 1961 च्या कलम 49(1) प्रमाणे वारशाने आलेल्या मालमत्तेची किंमत म्हणजे आधीच्या मालकाने ती घेताना मोजलेली किंमत. तुमच्या बाबतीत 10 लाख 90 हजार. बाबांनाही हा फ्लॅट वारशानेच मिळाला असता, तर आणखी मागे जाऊन ज्याने तो खरोखर पैसे देऊन घेतला त्याची किंमत धरावी लागली असती. आजोबांचा किंवा मामांचा फ्लॅट विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

विक्री आर्थिक वर्ष 2025-26 मधली असल्यामुळे 1961 चाच कायदा लागू होतो. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यावरची माहिती वाचून गोंधळू नका.

आता खरा वादाचा मुद्दा. 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीला इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे खर्च महागाईनुसार न वाढवता, साडेबारा टक्के कर आहे. पण त्या तारखेआधी घेतलेल्या जमीन किंवा इमारतीसाठी भारतात रहिवासी असणाऱ्या व्यक्तीला एक संरक्षण ठेवलेलं आहे. इंडेक्सेशन करून वीस टक्क्यांनी कर कमी येत असेल, तर तेवढाच भरायचा. म्हणून दोन्ही हिशेब मांडून पाहावे लागतात. इंडेक्सेशनमध्ये खर्चाच्या वर्षाचा निर्देशांक खाली आणि विक्रीच्या वर्षाचा वर ठेवून खर्च फुगवतात. 2025-26 चा निर्देशांक 376 आहे, 2003-04 चा 109.

पण खालचा निर्देशांक 2003-04 चा धरायचा की फ्लॅट तुमच्या नावावर आला त्या 2019-20 चा? कलम 48 ची शब्दरचना अशी आहे की वरवर वाचलं तर करदात्याने मालमत्ता प्रथम धारण केल्याचं वर्ष घ्यावंसं वाटतं. विभाग बरीच वर्षं हाच आग्रह धरत होता. 2019-20 चा निर्देशांक 289 घेतला तर बाबांची किंमत फुगून जेमतेम 14 लाख 18 हजार होते. 109 घेतला तर 37 लाख 60 हजार. एका निर्देशांकामुळे खर्चात 23 लाखांहून अधिक फरक पडतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये मंजुळा शहा प्रकरणात हा प्रश्न करदात्याच्या बाजूने सोडवला. तिथे फ्लॅट बक्षीसपत्राने आलेला होता, पण लागू होणारं कलम हेच 49. आधीच्या मालकाचा ताबाकाळ जर मालमत्ता दीर्घकालीन ठरवायला मोजता, तर इंडेक्सेशनलाही त्याचंच वर्ष मोजा, असा त्या निकालाचा अर्थ. महाराष्ट्रातल्या करदात्याला हा निकाल थेट उपयोगी आहे. तुमचं विवरणपत्र दुसरं कोणी भरणार असेल, तर 'मालमत्ता मिळाल्याचं वर्ष' या रकान्यात 2019 टाकलेलं नाही ना, हे स्वतः पाहा. ही चूक मी वारंवार पाहतो. ती झाली की इंडेक्सेशन निरुपयोगी दिसतं आणि माणूस मुकाट्याने साडेबारा टक्के भरून मोकळा होतो.

पुढे बिलं. सुधारणा खर्च धरला जातो तो बांधकामात भर घालण्याचा किंवा बदल करण्याचा, भांडवली स्वरूपाचा. आधीच्या मालकाने केलेलाही चालतो आणि तुम्ही केलेलाही. घर होतं तसं ठेवण्याचा खर्च त्यात येत नाही, आणि जे उचलून नव्या घरी नेता येतं तेही येत नाही. तुम्ही पाठवलेली यादी याच नजरेने पाहिली. 2012 च्या कामात जुनी फरशी काढून नवी घातली, दोन्ही बाथरूम फोडून नव्याने बांधली, भिंतीत लपवलेलं वायरिंग केलं, ओटा बदलला आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या. या सगळ्याची बेरीज 4 लाख होते आणि ती धरायला हरकत नाही. उरलेल्या 1 लाख 20 हजारांत सोफा, सुटी कपाटं, एसी आणि रंगकाम आहे. भिंती फोडल्यामुळे रंग द्यावा लागला, तो त्याच कामाचा भाग, असा युक्तिवाद करता येतो. पण इथे रक्कम लहान आहे आणि सोफ्याच्याच बिलाच्या शेजारी तो रंग बसलेला आहे. मी असतो तर सोडून दिला असता.

2021 च्या खर्चातलं जादा स्वच्छतागृह ही नवी भर आहे, त्याचे 1 लाख 58 हजार 500 धरा. पेस्ट कंट्रोल, पडदे, गिझर, रंग सोडा. बिलं तुमच्या एकटीच्या नावावर आहेत. भावाने निम्मे पैसे पाठवले असतील, तर त्याच्या बँकेची नोंद जपून ठेवा, नाहीतर त्याला त्याचा वाटा मागता येणार नाही. खाली मी त्याने पाठवले असं धरलं आहे.

संपूर्ण फ्लॅटचा हिशेब असा. 82 लाखांतून दलाली वजा जाता 80 लाख 36 हजार. बाबांची किंमत 37,60,000, 2012 चं काम 200 च्या निर्देशांकाने 7,52,000, 2021 चं 317 च्या निर्देशांकाने 1,88,000. एकूण 47 लाख. नफा 33 लाख 36 हजार, तुमचा निम्मा 16 लाख 68 हजार. त्यावर वीस टक्के म्हणजे 3,33,600.

इंडेक्सेशनशिवाय खर्च फक्त 16,48,500. नफा 63,87,500, तुमचा निम्मा 31,93,750. साडेबारा टक्क्यांनी कर 3,99,219. म्हणजे तुम्हाला इंडेक्सेशनची जुनी पद्धत सुमारे 65 हजारांनी स्वस्त पडते. दोन्हीवर चार टक्के उपकर आहे. तो धरून तुमचा कर 3,46,944 होतो.

या आकड्यांतून बिलाचं मोल कळतं. 2012 चं एक लाखाचं बिल आज 1 लाख 88 हजारांचा नफा कमी करतं, म्हणजे 37,600 रुपये कर वाचवतं. साडेबारा टक्क्यांच्या पद्धतीत तेच बिल 12,500 वाचवतं. तेव्हा जुनी पद्धत वापरणाऱ्याने फायलीवर दोन संध्याकाळी घालवणं परवडतं.

बिलं पिवळी पडली आहेत, काहींवर नावच नाही, असं तुम्ही लिहिता. अधिकारी विचारतो ते एवढंच की काम कोणत्या वर्षी झालं, याच फ्लॅटमध्ये झालं का, आणि पैसे कसे गेले. नाव नसलेल्या फरशीच्या बिलाला बाबांच्या पासबुकातली त्याच तारखेची चेकची नोंद जोडा. सोसायटीने कामाला दिलेलं परवानगीपत्र किंवा कार्यकारिणीच्या इतिवृत्तातला उल्लेख मिळाला तर उत्तम पुरावा ठरतो. ठेकेदाराची कच्ची पावती एकटी फारशी टिकत नाही, पासबुकासोबत टिकते. मूल्यांककाकडून आज 'अंदाजे सुधारणा खर्च' असा दाखला आणून भोकं बुजवू नका. कागदाशिवायचा खर्च नाकारला गेला तर कर आणि व्याज भरावं लागतंच. तो बनावट निघाला, तर दंड चुकवलेल्या कराच्या 200 टक्क्यांपर्यंत जातो. करारनामा हरवला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत आणि इंडेक्स टू मिळतं. विवरणपत्रासोबत यातलं काहीच जोडायचं नसतं, नोटीस आली तर दाखवायचं असतं.

ज्यांच्या वडिलांनी फ्लॅट 2001 च्या आधी घेतला, त्यांचा हिशेब थोडा वेगळा आहे. त्यांना मूळ किमतीऐवजी 1 एप्रिल 2001 चा बाजारभाव धरता येतो, पण त्या दिवसाच्या मुद्रांक मूल्यांकनापेक्षा जास्त नाही. त्या तारखेआधीची सुधारणा मात्र मोजत नाहीत. तुमचा फ्लॅट 2003 चा आहे, म्हणून हा पर्याय तुम्हाला नाही.

आता भाऊ. वीस टक्क्यांचा पर्याय फक्त रहिवासी व्यक्तीला आहे. तो त्या वर्षी आयकराच्या व्याख्येत अनिवासी असेल, तर बाबांची किंमत आणि बिलं त्यालाही चालतील, पण इंडेक्सेशन नाही. त्याला 3,99,219 आणि उपकर, म्हणजे 4,15,188 भरावे लागतील. घर एक, कागद एकच, कर वेगळा. याहून गंभीर गोष्ट टीडीएसची आहे. त्याच्या हिश्श्यावर एक टक्का कापणं चूक होतं. अनिवासी विक्रेत्याला पैसे देताना कलम 195 लागतं आणि कपात बरीच जास्त असते. कमी कपातीची जबाबदारी खरेदीदारावर येते. भावाने वेळेत विवरणपत्र भरून पूर्ण कर चुकता केला आणि सनदी लेखापालाचा फॉर्म 26ए चा दाखला दिला, तर खरेदीदार मूळ रकमेतून सुटतो, व्याज मात्र उरतं. खरेदीदाराला हे आजच सांगा. नोटीस आल्यावर कळलं तर तो तुमच्याच दारी येईल.

82 लाख ही रक्कम विक्रीच्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यांकनाहून फार कमी नाही ना, तेही तपासा. ते मूल्यांकन तुमच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक पुढे गेलं, तर नफा त्यावरून काढला जातो.

कर वाचवायचा असेल तर विक्रीच्या तारखेपासून सहा महिन्यांत कलम 54ईसीचे रोखे घेता येतात किंवा ठरलेल्या मुदतीत दुसरं घर. नाहीतर टीडीएस वजा करून उरलेला कर अग्रिम कराच्या हप्त्यांत, शेवटचा 15 मार्च 2026 पर्यंत, भरा. हप्ता चुकला तर व्याज लागेल. विवरणपत्र आयटीआर-2, दोघांचं वेगवेगळं, आणि प्रत्येकात आपापला निम्मा हिस्सा.