आधी कस्टम्स, मग बॅग

पॅरिसहून परतताना नणंदेसाठी घेतलेली पर्स मोठ्या बॅगेत होती. बॅग काउंटरवर देऊन मग टॅक्स रिफंडकडे गेलो. मशीनने कस्टम्सकडे पाठवलं, ते म्हणाले वस्तू दाखवा. बॅग तर गेली होती! आता काय? – एक वाचक, लातूर

ताई, वाईट वाटलं. खरेदीवरचा कर परत मिळावा म्हणून दुकानात दिला जाणारा फॉर्म म्हणजे फक्त अर्ज. वस्तू खरंच देशाबाहेर चालली आहे याची कस्टम्सने खात्री केली, तरच पैसे मिळतात. फ्रान्सच्या विमानतळांवर त्यासाठी पाब्लो नावाची मशीन असतात. फॉर्मवरचा बारकोड त्यासमोर धरायचा. स्क्रीन हिरवी झाली की काम झालं. बहुतेकांचं तिथेच होतं, म्हणून लोक गाफील राहतात. हिरवी झाली नाही तर कस्टम्सच्या खिडकीवर जायचं आणि पासपोर्ट, तिकीट व वस्तू दाखवायची. वस्तू नसेल तर अधिकारी मंजुरी नाकारू शकतो, आणि पट्ट्यावर गेलेली बॅग परत येत नाही. पुढच्या वेळी पर्स बॅगेत सगळ्यात वर ठेवा, मशीनचं काम उरका आणि मगच बॅग टाका.

आमची टूर पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम अशी आहे. परतीचं विमान रोमहून फ्रँकफर्टमार्गे मुंबई. पॅरिसच्या खरेदीच्या फॉर्मवर कस्टम्सचा शिक्का कुठे घ्यायचा? – एक वाचक, परभणी

वस्तू कोणत्या बॅगेत आहे, त्यावर ठरतं. रोमला दिलेली बॅग थेट मुंबईला जाणार असेल, म्हणजे टॅगवर BOM असेल, तर ती देण्याआधी रोमलाच कस्टम्सला दाखवा. वस्तू हातातल्या पिशवीत असेल तर फ्रँकफर्टला, कारण युरोपियन युनियनमधून तुम्ही तिथून बाहेर पडता. पाब्लो फक्त फ्रान्समध्ये आहे, त्यामुळे फ्रेंच फॉर्मवर शिक्काच मारून घ्यावा लागेल. तो फॉर्म परतावा देणाऱ्या कंपनीला पाठवायला विसरू नका.

स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. परतीचं विमान झुरिचहून असतं, तर शिक्का फ्रान्स सोडताना सीमेवरच घ्यावा लागला असता, आणि टूरची बस त्यासाठी आपणहून थांबत नाही.

600 युरोंची खरेदी केली. कर 20 टक्के, म्हणजे 120 युरो यायला हवेत. 72च कसे? – एक वाचक, जालना

किमतीत कर आधीच धरलेला असतो. मूळ किंमत 500, तिच्यावर कर 100. त्यातून कंपनी आपला मोबदला कापते. फ्रान्समध्ये हाती साधारण किमतीच्या 12 टक्क्यांच्या आसपास पडतात, म्हणजे तुमचे 72 बरोबर आहेत. रोख घेतले तर आणखी कापतात, म्हणून कार्डावर घ्या.

शहरातच आगाऊ रोख देणारे काउंटरही असतात. ते हमी म्हणून कार्डाचा नंबर घेतात. नंतर कस्टम्सची मंजुरी राहिली, तर दिलेली रक्कम दंडासह त्याच कार्डावरून वसूल होते.