«कधीच» आणि «नेहमी» काढल्यावर पत्रात काय उरतं

«सोसायटीच्या सचिवांना पत्र लिहिलंय: 'पंप तुम्ही कधीच वेळेवर लावत नाही आणि तक्रार केली की नेहमी दुर्लक्ष करता.' घरचे म्हणतात फार बोचरं झालंय. मुद्दा न सोडता सौम्य कसं करू? आम्ही फोंड्याला तिसऱ्या मजल्यावर राहतो.»

ताई, पाण्याचा त्रास आम्हीही भोगलाय, म्हणून सविस्तर लिहिते. मी वकील नाही, पत्रं मात्र पुष्कळ लिहिली आहेत.

तुमच्या मसुद्यातला «कधीच» बोचरा आहे हे खरंच, पण त्याहून वाईट म्हणजे तो कच्चा आहे. सचिवांनी एक दिवस जरी पंप वेळेवर लावला असेल तरी ते तोच दिवस पुढे करतील, आणि तुमच्या कोरड्या नळाचा विषय तिथेच संपेल.

आमच्या वाड्यावर नेमकं हेच झालं. «नळाला पाणी कधीच येत नाही» असा सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज एका कार्यालयात दिला होता. त्यांचा माणूस पहाटे येऊन गेला. त्या वेळी थोडा वेळ बारीक धार येते, हे वाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. उत्तर आलं: «पाहणीत नळास पाणी आढळले, तक्रार निकाली.» पाणी किती वेळ येतं, टाकी भरते का, हे कुणी विचारलंच नाही. विचारायची त्यांना गरजही नव्हती, कारण अर्जातलं वाक्य एका धारेनं खोटं ठरलं होतं. तो अख्खा उन्हाळा आम्ही टँकरवर काढला. लोकांची अडचण समजून घेण्याऐवजी अर्जातला शब्द पकडून फाइल मिटवणाऱ्यांचा मला आजही संताप येतो.

आता तुमचं पत्र. प्रत्येक वाक्याला एकच विचारा: त्या वेळी जिन्यात उभ्या असलेल्या तिऱ्हाईताला हे दिसलं किंवा ऐकू आलं असतं का? पंप बंद होता, हे कळलं असतं. मेसेजला उत्तर आलं नाही, हे मोबाइलवर दाखवता येतं. «दुर्लक्ष करता» मात्र दिसत नाही. तो तुम्ही काढलेला अर्थ आहे, आणि माणूस चिडतो तो अर्थावर. कदाचित ते त्या सकाळी घरी नसतीलही. मग असं लिहा (तारखा नमुन्याच्या आहेत):

«मंगळवार, 4 नोव्हेंबरला सकाळी 7:10 ला आमच्या नळांचं पाणी गेलं. 7:15 ला तुम्हाला मेसेज केला, त्याला उत्तर आलं नाही. पंप 9:40 ला सुरू झाला. शुक्रवारी, 7 तारखेलाही पाणी 7 वाजता गेलं, ते 10 वाजता आलं. मधले दोन दिवस पाणी नीट होतं. दोन्ही वेळा मुलांना आंघोळ न करता शाळेत पाठवावं लागलं. पंप सकाळी 6:30 ला लावता येईल का? तुम्ही नसाल त्या दिवशी चावी कोणाकडे असेल?»

«मधले दोन दिवस पाणी नीट होतं» हे वाक्य घालायला जीवावर येईल, तरी घालाच. सचिव जे उत्तर देणार होते ते तुम्हीच आधी लिहून टाकलं, म्हणजे त्यांना बोलायला फक्त त्या दोन सकाळी उरतात.

«नेहमी»च्या जागी «वारंवार» किंवा «बऱ्याचदा» लिहून भागवू नका. धार बोथट होते, माहिती काहीच वाढत नाही. उलट टोकाला जाऊन वर्षभराच्या तारखांची जंत्रीही नको, ती आरोपपत्रासारखी वाचली जाते. अलीकडचे दोन-तीन प्रसंग पुरतात, आणि तेही खात्रीचे. वेळ आठवत नसेल तर ग्रुपवर त्या दिवशीचा मेसेज शोधा, त्याच्यावर वेळ असते. तिथेही नसेल तर «साधारण साडेसात» लिहा. एक तारीख चुकीची निघाली की बाकीच्या खऱ्या तारखांवरही शंका घेतात.

आणि प्रत्येक नकारार्थी वाक्य सौम्य करायलाच हवं असं मुळीच नाही. «10 नोव्हेंबरच्या पत्राला आजपर्यंत उत्तर मिळालेलं नाही» हेही सरळ नकारार्थीच आहे, पण त्याला सुरुवातीची तारीख आहे आणि ते तपासता येतं. असं वाक्य असेल तर ठामपणे ठेवा. पंपाच्या वायरीतून शॉक बसतोय असलं काही असेल तर पत्राच्या भाषेचा घोळ घालत बसूच नका, आधी फोन करून पंप बंद करायला लावा.

हे माझं मत आहे, तुमचे सचिव कसे आहेत ते तुम्हालाच माहीत. पत्र द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही आणि तारीख मात्र घ्या.