निरोपाचं भाषण आणि खालचा लूप

प्रश्न: आमच्या फिल्म सोसायटीचं अध्यक्षपद पुढच्या महिन्यात सोडतोय. इतक्या वर्षांच्या रविवारच्या खेळांबद्दल दहा मिनिटांत काय बोलू? चित्रपटांची यादी वाचण्यापलीकडे काही सुचत नाहीये. कुणी असं भाषण केलंय का?

केलंय. आणि मीही आधी यादीच केली होती. कपाटातल्या नोंदवह्या काढल्या, वर्षवार चित्रपट लिहिले, आभारांची नावं लिहिली, साडेतीन पानं भरली. रात्री मोठ्याने वाचून पाहिलं तर दुसऱ्या पानावर माझंच लक्ष उडालं. वह्या परत ठेवताना एका रविवारच्या नोंदीसमोर माझ्याच अक्षरात तीन शब्द दिसले: "खालचा लूप. काकू." साडेतीन पानं बाजूला ठेवली आणि भाषण तिथून सुरू केलं.

काय झालं होतं ते सांगतो. भाषणातही हेच सांगितलं, फक्त थोडं कमी.

सोळा मिलिमीटरच्या प्रिंटचे दिवस होते. दोन तासांचा चित्रपट तीन डब्यांत यायचा. सेकंदाला २४ चौकटी या वेगाने मिनिटाला ३६ फूट फिल्म जाते, म्हणजे १६०० फुटांचं रीळ साधारण पाऊण तास चालतं. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ बदलायला दोनदा दिवे लावावे लागत. शनिवारी रात्री मी प्रिंट तपासायचो. हाताने फिरवायच्या रिवाइंडरवर रीळ चढवायचं, सुती हातमोजा घालायचा आणि फिल्मच्या दोन्ही कडा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून हलकेच सरकू द्यायच्या. फाटलेलं भोक मोज्याच्या धाग्याला अडकतं, जोड बोटाला जाडसर लागतो. डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास आला तर समजायचं, फिल्मचा आधारपट्टा सडायला लागलाय आणि ती आक्रसलेली असणार. तशी फिल्म भोकं फाडून घेण्यात पटाईत.

त्या शनिवारी मी कंटाळलो होतो. पहिलं रीळ नीट तपासलं, दुसरं अर्धं, तिसरं नुसतं उघडून बघितलं.

रविवारी दुसऱ्या रिळाच्या मध्यावर चित्र थरथरलं आणि खालीवर धावायला लागलं. ज्याने प्रोजेक्टर चालवलाय त्याला हे बघताक्षणी कळतं: खालचा लूप गेला. फिल्म दात्यांच्या चाकांवर सलग फिरत असते, पण भिंगामागच्या गेटमध्ये ती एकेक चौकट थांबत थांबत उतरते. सलग चाल आणि थांबती चाल यांची सांगड बसावी म्हणून गेटच्या वर आणि खाली फिल्मचा एकेक सैल फुगवटा सोडतात, तोच लूप. भोक फाटलेलं असलं की चौकट खाली ओढणारा पंजा पकड सोडतो. खालचं चाक मात्र ओढतच राहतं. खालचा फुगवटा संपतो, फिल्म ताठ होते आणि चित्र नाचायला लागतं.

थांबवलं, दिवे लावले, फिल्म पुन्हा ओवली, लूप सोडला, परत चालू केलं. चित्र खडकासारखं स्थिर. मी मागे उभा राहून स्वतःवर खूश होतो.

पाचेक मिनिटांनी पहिल्या रांगेतून काकू उठून अंधारात चाचपडत माझ्यापर्यंत आल्या. सगळे त्यांना काकूच म्हणत. लहानपणापासून कमी ऐकू येणाऱ्या, कानात यंत्र, आणि समोरच्याचे ओठ वाचायची पक्की सवय. मला म्हणाल्या, "अहो, आवाज आधी येतोय."

मी म्हटलं, "काकू, परकी भाषा आहे, खाली अक्षरं येतायत, तुम्हाला तसं वाटत असेल."

"भाषा नाहीच कळत मला. पण प, ब, म म्हणायला कुठल्याही माणसाला ओठ मिटावे लागतात की नाही? इथे आवाज येऊन जातो आणि ओठ मग मिटतात."

मी पडद्याकडे बघितलं. आणि मला काही दिसेना! दिसेना यालाही कारण होतं, पण ते नंतर सुचलं. तोवर निव्वळ त्यांचा मान राखायचा म्हणून मी रीळ संपायची वाट न बघता पुन्हा थांबवलं.

लूप खरंच आखूड होता. सोळा मिलिमीटरच्या प्रिंटवर आवाजाची पट्टी चित्राच्या कडेने छापलेली असते, पण कुठल्याही चौकटीचा आवाज तिच्या शेजारी नसतो, २६ चौकटी पुढे असतो. कारण आवाज वाचणारा ड्रम गेटच्या खाली, फिल्मच्या वाटेवर २६ चौकटी दूर बसवलेला असतो. या दोघांच्या मध्येच खालचा लूप येतो. तो नेमक्या मापाचा असेल तरच ओठ आणि शब्द एकत्र पडतात. आखूड झाला तर अंतर कमी होतं आणि आवाज आधी येतो. मोठा झाला तर आवाज मागे राहतो. घाईत मी पाचेक चौकटींनी आखूड सोडला होता. म्हणजे जेमतेम चार सेंटीमीटर, दोन बोटांची रुंदी. वेळेत मोजलं तर सेकंदाचा पाचवा हिस्सा. चित्र स्थिर राहायला तेवढा लूप पुरतो, म्हणूनच ही चूक लबाड आहे. थरथरणारं चित्र आंधळ्यालाही जाणवेल, हे नाही.

मला का दिसलं नाही? एक तर मी, बाकी सगळ्यांसारखाच, खालची अक्षरं वाचत होतो. दुसरं म्हणजे मी मागच्या भिंतीपाशी होतो. स्पीकर पडद्याजवळ, आणि आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. एका चौकटीच्या वेळात तो फक्त चौदा मीटर जातो. आमचं सभागृह तेवढंच लांब होतं, म्हणजे माझ्यापर्यंत येताना आवाज एका चौकटीने उशिरा पोचत होता आणि माझी चूक तेवढी झाकत होता. पहिल्या रांगेत ती पुरी दिसत होती. त्या दिवसापासून फिल्म ओवून झाली की मी पहिल्या रांगेपर्यंत चालत जाऊन बघायचो. संवाद नाही बघायचे, दार आपटणं बघायचं, पेला टेबलावर ठेवणं बघायचं. एक ठोका, एक आवाज. तिथे फरक लपत नाही.

भाषणात या एका गोष्टीला मी पाच मिनिटं दिली. शब्दांनी लूप समजेना म्हणून खिशातून हातभर जुनी फिल्म काढून दोन्ही हातांत धरून दाखवली. तुमच्याकडे असा तुकडा असेल तर जरूर न्या. मागच्या रांगेतली पोरं, ज्यांनी फिल्म कधी हातात धरलेली नाही, ती मान उंचावून बघायला लागली.

उरलेल्या वेळात एक माफी मागितली. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एक मूकपट दाखवला होता आणि एका करुण प्रसंगात लोक हसले. मी चर्चेत त्यांना चांगलंच सुनावलं, "मूकपट बघायची नजर लागते" वगैरे. बऱ्याच वर्षांनी कळलं की तो सेकंदाला सुमारे १८ चौकटींच्या वेगाने दाखवायचा होता. मी २४ वर दाखवला, आमच्या प्रोजेक्टरवर वेगाची कळ असूनही. दीड तासाचा चित्रपट साडेसदुसष्ट मिनिटांत उरकला. आई लेकराला निरोप देतेय आणि हात असा हलतोय जणू माश्या हाकलतेय. हसतील नाही तर काय? त्या दिवशीच्या प्रेक्षकांपैकी चौघं निरोपाला हजर होते. त्यांच्याकडे बघून म्हटलं, "हसलात ते बरोबर होतं. चूक माझी होती." भाषणातलं सगळ्यात मोठं हसू तिथे मिळालं.

रविवारच का, यावर एक वाक्य ठेवलं होतं. लंडनमध्ये १९२५ साली सुरू झालेल्या फिल्म सोसायटीचे खेळही रविवारी दुपारीच व्हायचे. आपल्यालाही रिकामं सभागृह त्याच दिवशी मिळायचं, आणि तीन डबे सोमवारी परत पाठवायचे असायचे. तेवढंच. इतिहास यापुढे नेला नाही.

फिल्म गेली आणि फाइल आली याबद्दल गळा काढायचा मोह तुम्हालाही होईल. मी टाळला, कारण ते खरं नाही. आम्ही दाखवलेल्या कित्येक जुन्या रंगीत प्रिंट उडून गुलाबी झालेल्या होत्या. निळा आणि हिरवा केव्हाच गेलेला. आज नीट दुरुस्त केलेली डिजिटल प्रत बघताना कळतं की त्या बाईची साडी मुळात गुलाबी नव्हतीच. एकच गोष्ट गेल्याचं मला वाईट वाटतं, ती मी सांगितली: रीळ बदलायची ती तीन-चार मिनिटं. चित्रपट अर्ध्यात, पुढे काय होणार ते कुणालाच ठाऊक नाही, दिवे लागलेले आणि शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलण्यावाचून इलाज नाही. शेवट कळल्यावरच्या चर्चेत लोक शहाणपण सांगतात. मधल्या त्या मिनिटांत अंदाज बांधायचे, चुकायचे. नव्या अध्यक्षांना म्हटलं, वाटलं तर महिन्यातून एकदा मध्येच थांबवून बघा. त्या मान हलवत होत्या, पण थांबवतील असं वाटत नाही.

आभार शेवटी मानले, नावं न घेता, कामं घेऊन: डबे उचलणारे, खुर्च्या मांडणारे, वर्गणीसाठी मागे लागणारे. नावं घेतली की एक तरी राहतं आणि तेच माणूस समोर बसलेलं असतं.

एकूण नऊ मिनिटं झाली. टाळ्या झाल्या, हारतुरे झाले, आणि काकू पहिल्या रांगेतून उठून आल्या. आता त्यांची ऐंशी उलटलीय. मला वाटलं लूपच्या गोष्टीवर काहीतरी बोलतील. म्हणाल्या, "चांगलं बोललात असं आता शेजारची सांगतेय. तुम्ही माइक सगळा वेळ तोंडासमोर धरला होतात."

तेव्हा माइक हनुवटीच्या खाली धरा.