मागाचा आवाज आणि न दचकणारे बाळ

"ताई, आमच्या घरातच माग आहेत. सातव्या महिन्यात माग सुरू झाला की बाळ पोटात दचकायचं. आता आठव्यात माग कितीही खडखडू दे, ते गप्पच असतं, आणि रात्री माग थांबले की लाथा मारतं. आवाजानं त्याचे कान तर गेले नसतील?"

बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात पुढच्या खोलीत यंत्रमाग आणि मागच्या खोलीत संसार अशी घरे बरीच आहेत, त्यामुळे ही काळजी माझ्याकडे वेगवेगळ्या शब्दांत येत असते. हा प्रश्न विचारणारीची ती पहिलीच खेप होती आणि बत्तिसावा आठवडा चालू होता. मागांच्याच खोलीत बसून ती कांड्या भरत असे. गरोदरपणाच्या नोंदींच्या तायी कार्डावर वजन, रक्तदाब आणि पोटाची वाढ यांच्या नोंदी ठीक होत्या. कानांविषयी बोलण्याआधी मी तिला विचारले की दिवसभराची एकूण हालचाल कमी झाली आहे, की फक्त माग चालू असतानाचे दचकणे थांबले आहे. हालचाल नेहमीइतकीच आहे, असे तिने विचार करून सांगितले. तिचे उत्तर उलट आले असते, तर पुढचे काहीही न बोलता मी तिला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवले असते.

आतल्या कानातला शंखासारखा भाग, म्हणजे कॉक्लिया, पाचव्या महिन्याच्या सुमारास आकाराला येतो, आणि त्याच्यापासून मेंदूपर्यंतचा मार्ग साधारण २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान नीट काम करू लागतो. गर्भाला सुरुवातीला ऐकू येतात ते खालच्या पट्टीतले, घुमणारे आवाज. वरच्या पट्टीतल्या तीक्ष्ण आवाजांना तो बरेच नंतर, ३३ ते ३५ आठवड्यांच्या सुमारास प्रतिसाद देऊ लागतो. आईच्या पोटाची भिंत आणि भोवतीचे पाणी तीक्ष्ण आवाज बरेच अडवतात, घुमणारे मात्र फारसे अडवत नाहीत. तिथे मधला कानही पाण्याने भरलेला असतो, त्यामुळे आवाज मुख्यतः कवटीच्या हाडांमधून आतल्या कानाला पोचतो. मागाच्या धोट्याचा ठोका आणि त्याने थरथरणारी जमीन हा असाच खोल आवाज असल्याने तो तिच्या बाळापर्यंत पोचत होता, हे उघड होते. सातव्या महिन्यातले दचकणे ही ऐकू येत असल्याचीच खूण होती.

दचकणे थांबले याचा अर्थ कान गेले असा तिने लावला होता, पण हे बहुधा त्याच्या उलट असते. तोच आवाज पुन्हा पुन्हा येतो आणि त्यामागून काहीच घडत नाही, असे झाले की गर्भाचा मेंदू त्याच्याकडे लक्ष देणे सोडतो. हे सरावणे म्हणजे अगदी प्राथमिक शिकणेच आहे, आणि ज्याला ऐकूच येत नाही त्याला सरावण्यासारखेही काही नसते. मी तिला दुपारी माग थांबलेले असताना, बाळ हलत असतानाच, मागच्या खोलीत स्टीलचा डबा एकदा फरशीवर ठेवायला सांगितले होते. तिसऱ्या दिवशी येऊन ती म्हणाली, "ताई, झाकण वाजलं आणि ते टुणकन उडालं." माझाही जीव थोडा हलका झाला. अर्थात ही श्रवणाची तपासणी नव्हे, आणि बाळ हलले नसते तरी त्यावरून काही सिद्ध झाले नसते, हे मी तिला आधीच बजावले होते.

कारण पोटातले बाळ बहुतेक वेळ झोपलेलेच असते. २८ आठवड्यांनंतर हालचालीचे आणि शांततेचे टप्पे वेगळे दिसू लागतात आणि ३६ आठवड्यांच्या सुमारास झोपेच्या अवस्था चांगल्या पक्क्या होतात. गाढ झोपेचा टप्पा साधारण २० ते ४० मिनिटांचा असतो. निरोगी बाळात तो दीड तासापलीकडे क्वचितच जातो. बाकीच्या झोपेत ते डोळे फिरवते, हातपाय हलवते, मध्येच तोंडही हलवते, आणि आपल्याला वाटते की ते जागे आहे. रात्री नऊ ते एकच्या सुमारास हालचाल वाढते हे पुष्कळ गर्भांत आढळते. त्यातच आई आडवी पडलेली आणि घर शांत, म्हणून तिला प्रत्येक लाथ जाणवते. बाळ रात्रीचा दिवस करणार, ही तिच्या सासूबाईंची भीती यावरून खरी ठरत नाही.

सासूबाई बाळ गप्प राहिले की पोटावर थापट्या मारून त्याला उठवत असत. स्पर्श ही गर्भाची सर्वांत आधी जागी होणारी जाणीव आहे: आठव्या आठवड्याच्या सुमारास ओठांभोवती, मग तळहातांना, आणि चौदाव्या आठवड्यापर्यंत जवळजवळ सगळ्या अंगाला. आईने पोटावर हात फिरवला की गर्भाची हालचाल वाढते, असे सोनोग्राफीतही दिसले आहे. तेव्हा हात जरूर फिरवावा, पण बाळ ठीक आहे का हे थापटीने ठरवू नये. गाढ झोपेतले बाळ प्रतिसाद देत नाही आणि घरभर घबराट होते. उलट, खरोखर त्रासात असलेल्या बाळाने एकदा पाय हलवला की सगळे निर्धास्त होतात, आणि मला याचीच जास्त भीती वाटते.

थापटीऐवजी मी तिला जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून हालचाली मोजायला शिकवले. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत, किंवा रोजच्यापेक्षा त्या स्पष्टपणे कमी वाटल्या, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. दिवस भरत आले की बाळ कमी हलते, हा समज घातक आहे. ३३व्या आठवड्यात तिच्या बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढला, तेव्हा पहिली वीस-पंचवीस मिनिटे रेघ जवळजवळ सपाट होती. ती रडवेली झाली. परिचारिकेने पट्टा न काढता आलेख चालूच ठेवला, बाळ उठले आणि प्रत्येक हालचालीबरोबर ठोके वर जाऊ लागले. झोपेमुळे असे होते, म्हणूनच हा आलेख गरज पडल्यास ४० मिनिटांपर्यंत लांबवतात.

मात्र बाळ सरावले म्हणजे त्या आवाजाने इजा होत नाही, असे नाही. गरोदरपणी ८५ डेसिबलपेक्षा जास्त आवाजात पूर्ण वेळ काम केलेल्या स्त्रियांच्या मुलांमध्ये श्रवणदोषाचे प्रमाण अधिक आढळल्याचे स्वीडनमधल्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवले आहे, आणि माग चालू असलेल्या खोलीतला आवाज सहज त्याच्या वर जातो. आईने कानात बोळे घातले तर तिचे कान वाचतात, बाळाचे नाही. म्हणून कांड्या भरण्याचे यंत्र मागच्या खोलीत हलवावे, मधले दार लावून घ्यावे, आणि चालू मागाला किंवा त्याच्या चौकटीला पोट टेकवून कधीच उभे राहू नये, एवढे मी तिच्या नवऱ्याला बोलावून सांगितले. यंत्र हलवायला त्यांना आठवडा लागला, पण ते हलले.

बाळंतपणानंतर दुसऱ्या दिवशी बाळाची ओएई ही श्रवणतपासणी झाली आणि डाव्या कानाचा निकाल 'रिफर', म्हणजे पुन्हा तपासा, असा आला. पुन्हा धावाधाव नको म्हणून मी तिला आधीच सांगून ठेवले होते की पहिल्या एक-दोन दिवसांत कानात राहिलेल्या पाण्यामुळे किंवा चिकट थरामुळे असे पुष्कळदा होते, आणि महिन्याच्या आत फेरतपासणी करून घ्यायची असते. फेरतपासणीत दोन्ही कान ठीक निघाले. तरीही काही श्रवणदोष उशिरा उघड होतात. म्हणून सहा महिन्यांपर्यंत ते आवाजाच्या दिशेने मान वळवते का आणि वर्षाच्या आत 'बाबा', 'दादा' असे आवाज जोडते का, हे पाहून त्यात शंका आली तर कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचे, असे मी तिच्या कार्डाच्या मागच्या पानावर लिहून दिले आहे.