‘तू मला आवडायला लागलीस’ हे जरा हलकं करून कसं म्हणायचं?

प्रश्न: मी मराठी शिकतोय. एक मुलगी आवडायला लागली आहे, पण एकदम ‘प्रेम आहे’ म्हणायचं नाही. काय बोलू?

उत्तर: सुरुवात माणसापासून नको, बोलण्यापासून करा. ‘तुझ्याशी बोलायला आवडतं मला.’ यात आवडतंय ते बोलणं, त्यामुळे तिने हसून विषय बदलला तरी दोघांचीही पंचाईत होत नाही. ‘तू असलीस की छान वाटतं’ ही पुढची पायरी.

मग ‘हल्ली तू मला आवडायला लागलीयेस बहुतेक.’ मुलाला म्हणायचं तर ‘लागलायेस’. ‘लागणे’मुळे हे नुकतंच सुरू झालंय असं कळतं आणि शेवटचा ‘बहुतेक’ मागे फिरायला वाट ठेवतो. नुसतं ‘तू मला आवडतेस’ म्हणालात तर मात्र ती कबुलीच झाली. मराठीत ते बरंच वजनदार आहे.

खरी गडबड व्याकरणात होते. माझ्या एका अमराठी मित्राने मोठ्या धीराने मेसेज केला, ‘मी तुला आवडतो.’ त्याला म्हणायचं होतं ती त्याला आवडते. वाक्याचा अर्थ झाला, तिला तो आवडतो! उत्तर आलं, ‘हे तुला कोणी सांगितलं?’ आवडणारी व्यक्ती वाक्याचा कर्ता असते आणि क्रियापद तिच्याप्रमाणे बदलतं. ज्याला आवडतं तो ‘मला’.

आणि अजून ‘तुम्ही’वरच असाल, तर आधी ‘तुम्हाला अगं-तुगं केलं तर चालेल?’ एवढंच विचारा. तिच्या उत्तरावरून बराच अंदाज येतो.