पॅच भावाला लागू पडला, मला का नाही?

मी आणि भाऊ दोघंही सिगारेट सोडायला २१ मिलिग्रॅमचा निकोटीनचा पॅच लावतो. त्याची सिगारेट सुटली, माझी नाही. असं का?

यकृतातलं सीवायपी२ए६ हे एन्झाइम निकोटीनचं कोटिनीन नावाचं दुसरं रसायन करतं. ज्याचं ते वेगात चालतं, त्याचं निकोटीन लवकर उतरतं. मग तासाभरात पुन्हा सीताबर्डीचा पानठेला, आणि दिवसाच्या सिगारेटी वाढतात. पॅच मात्र ठरलेल्या गतीनेच निकोटीन सोडतो. वेगवान माणसाच्या रक्तात पातळी कमीच राहते, तलफ जात नाही. भावाचं एन्झाइम संथ असेल, तर त्याला तेवढं पुरतं. (सख्ख्या भावांतही जनुकाच्या प्रती वेगळ्या असू शकतात.) २०१५च्या एका चाचणीत, एन्झाइम संथ नसलेल्यांना पॅचपेक्षा व्हॅरेनिक्लिन ही सिगारेट सोडवायची गोळी सरस ठरली, संथ गटात फायदा सारखाच, पण गोळीचा त्रास जास्त. ही गोळी चालेल का, ते डॉक्टरांना विचारा.